सर्दी झाल्यावर ग्राउंडवर कधी उतरायचं? मानेच्या नियमाचा पूर्ण हिशोब

नोव्हेंबर लागला की परभणी, नांदेड, हिंगोलीकडच्या भरती अकॅडम्यांमध्ये एका रूममधल्या एकाला पडसं होतं आणि आठवड्याभरात सगळ्या रूमला होतं. सहा-सहा जण एका खोलीत झोपतात, टॉवेल आणि पाण्याचा तांब्या सगळ्यांचा एकच, तेव्हा दुसरं काय होणार? बाहेर पहाटेची थंडी, आत शिंका आणि डोक्यावर सोळाशे मीटरचं टायमिंग. प्रश्न मग दरवेळी तोच येतो: "सर, नुसती सर्दीच आहे, आज ग्राउंड मारू का?"

याचं एका शब्दात उत्तर देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, घाम काढ, सर्दी पळून जाईल. दुसरा म्हणतो, आठ दिवस अंथरुणातून उठू नको. दोघंही अर्धवट बरोबर आहेत, कारण उत्तर सर्दीवर नसून ती शरीरात कुठवर उतरली आहे यावर ठरतं. हे तपासायला पहाटे पाच मिनिटं लागतात. साहित्य म्हणाल तर मेडिकलमध्ये मिळणारा साधा थर्मामीटर आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

मान ही सीमारेषा का

अमेरिकेतले क्रीडावैद्यक डॉ. रँडी आयक्नर यांनी १९९० च्या दशकात ही कसोटी खेळाडूंसाठी मांडली आणि तिथून ती जगभरच्या कोचांच्या तोंडी बसली. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, चोंदलंय, शिंका येतायत, घसा थोडा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. त्रास मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीतून खोकला येतोय, कफ सुटतोय, धाप लागतेय, अंग मोडून आलंय, पोट बिघडलंय, तर व्यायाम बंद. ताप असेल तर तो कुठेही धरला तरी मानेखालचाच समजायचा.

वरच्या अर्ध्याला थोडा आधार आहे. बॉल स्टेट विद्यापीठात त्याच दशकात थॉमस वाइडनर यांच्या गटाने निरोगी तरुणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला आणि त्यातल्या काहींना एक दिवसाआड चाळीस-चाळीस मिनिटं बऱ्यापैकी जोराचा व्यायाम करायला लावला. व्यायाम करणाऱ्यांची सर्दी जास्त दिवस रेंगाळली नाही आणि तिचा जोरही वाढला नाही. पण ती लवकर बरीही झाली नाही, हे लक्षात ठेवा. घाम काढून सर्दी पळवणाऱ्यांना इथे काही मिळत नाही. शिवाय तो प्रयोग साध्या पडशाच्या एकाच विषाणूवर आणि तरुण, धडधाकट मुलांवर झाला होता. तो फ्लूला, डेंग्यूला किंवा दम्याच्या माणसाला लावता येत नाही.

खालच्या अर्ध्याचं कारण जास्त गंभीर आहे. ताप आहे याचा अर्थ विषाणू आता नुसत्या नाकात राहिलेला नाही, सगळं शरीर त्याच्याशी लढतंय. ताप एक अंश सेल्सिअस चढला की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण आठ-दहाने वाढतात. त्यावर इंटरव्हल मारले तर हृदयावर दुहेरी ओझं पडतं. आणि काही विषाणू, विशेषतः कोक्सॅकी नावाच्या गटातले, हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. अशी लागण झालेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावलं तेव्हा त्यांच्या हृदयातला विषाणू कित्येक पटींनी वाढला. हे उंदरांचं झालं, माणसाचं गणित अगदी तसंच असेल असं नाही. पण हृदयाची सूज हे तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं एक माहीत असलेलं कारण आहे. ती क्वचित होते हे खरं, पण बाहेरून दिसत नाही, आणि टाळण्याचा उपाय फुकट आहे: तापात पळायचं नाही.

पहिली पायरी: अंथरुणातच नाडी

नियमाची सुरुवात मानेपासून होत असली तरी मी पोरांना आधी नाडी मोजायला सांगतो. कारण साधं आहे. पळायचंच असं ठरवून उठलेला पोरगा "घसा जरा बसलाय, बाकी काही नाही" असं सांगतो आणि स्वतःलाही तसंच पटवतो. नाडीला पटवता येत नाही.

जाग आली की मोबाइल बघण्याआधी, उठून बसण्याआधी, पाण्याच्या घोटाआधी मोजायची. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवायची, अंगठा ठेवायचा नाही. पूर्ण ६० सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची घाई नको, कारण एक ठोका चुकला की चाराचा फरक पडतो आणि आपण फरकच शोधतोय.

हा आकडा उपयोगी पडायचा तर तब्येत चांगली असतानाचा आकडा माहीत हवा. म्हणून सर्दी नसताना एक आठवडा रोज मोजून वहीत लिहून ठेवा आणि त्याची सरासरी काढा. नियमित पळणाऱ्या पोराची ती ५० ते ६५ च्या दरम्यान कुठेतरी येते, पण दुसऱ्याची किती याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा आज दहा किंवा जास्त ठोके वर असतील तर मानेच्या वर-खाली बघायचीही गरज नाही, आज विश्रांती. पाच-सहाने वर असेल तर पुढच्या तपासण्या कडक नजरेने करायच्या. रात्री जागरण झालं किंवा पाणी कमी प्यायलं तरी नाडी वाढते. तशी ती वाढली असेल तरी त्या दिवशी जोराचं काम न केल्याने काही बिघडत नाही.

दुसरी पायरी: ताप, पण दोन वेळा आणि गोळीशिवाय

१००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस, आणि तिथून पुढे ताप धरतात. आपल्याकडे थर्मामीटर काखेत लावायची सवय आहे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, त्यामुळे काखेत ९९.५ आला आणि अंगात कणकण असेल तर मी तो तापच धरतो. डिजिटल थर्मामीटर बीप वाजेपर्यंत काढायचा नाही, आणि घामेजलेली काख आधी पुसून घ्यायची. तोंडात लावणार असाल तर गरम चहानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली वेळेची. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी जास्त असतं. त्यामुळे पहाटे पाचला ९८ दाखवणारा पोरगा संध्याकाळी सहाला १०१ वर असू शकतो. पहाटेच्या एका आकड्यावर ग्राउंडवर उतरणं म्हणजे ताप झोपलेला असताना त्याची हजेरी घेणं. आदल्या संध्याकाळचा आकडाही हवाच.

दुसरी फसगत गोळीची. मेडिकलवरून "सर्दीची गोळी द्या" म्हणून जी पट्टी मिळते तिच्यात बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: ताप उतरवणारं पॅरासिटामॉल, नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं फेनिलेफ्रिन आणि नाक वाहणं थांबवणारं क्लोरफेनिरामिन. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो. तेवढ्या वेळात थर्मामीटर जे दाखवतो ते गोळीचं तापमान असतं, तुमचं नव्हे. फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, आणि बीपीच्या माणसाने ते डॉक्टरांना न विचारता घेऊच नये. क्लोरफेनिरामिनने झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि घामही कमी सुटतो. डिसेंबरात याने फारसं बिघडत नाही. पण एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, घाम न सुटणाऱ्या माणसाने पळणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. उन्हाळी सर्दीत ही गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पळायचं नाही, एवढं सोपं ठेवा.

म्हणून तापाची अट अशी: ताप उतरवणारी कोणतीही गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसावा. त्या २४ तासांत एक संध्याकाळ आपोआप येते, ती तपासली गेलीच पाहिजे.

अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी खाऊन पळायचं, हेही काही पोरं करतात. ताप आणि कमी पाणी यांनी आधीच सुकलेल्या शरीरात या गोळ्या किडनीला त्रास देतात. दुखणं जाणवेनासं होतं, थांबा म्हणून सांगणारी खूणच निघून जाते. आणि ताप डेंग्यूचा निघाला तर याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तिसरी पायरी: आता मान

नाडी ठीक, ताप नाही, तर मग मानेची रेघ ओढायची. आरशासमोर उभं राहायचं आणि वरून खाली यायचं.

डोकं जड आहे का? थोडं जड चालेल. पण पुढे वाकल्यावर कपाळात किंवा गालाच्या हाडात ठणका बसत असेल तर सायनस भरलेत, तिथे पळण्याचे धक्के सोसत नाहीत. जोर लावून गोळा फेकणं आणि जिममध्ये श्वास रोखून वजन उचलणं तर मुळीच नको. नाक वाहतंय, चोंदलंय, हे चालेल. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून घाबरू नका, साध्या विषाणूच्या सर्दीतही तो तसा होतो. त्याच्यासाठी अँटिबायोटिक मागायची गरज नाही, विषाणूवर ती चालतही नाही.

घशापाशी मात्र थांबा, कारण नियम सगळ्यात जास्त इथेच चुकतो. घसा मानेतच असतो, मग तो वरचा की खालचा? खवखव, सोबत नाक वाहतंय, गिळायला फारसा त्रास नाही, तर वरचा. पण घसा एकाएकी जोरात धरला, थुंकी गिळणंही नको वाटतं, जबड्याखाली गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, आणि नाक वाहत नाही, खोकलाही नाही, तर ती सर्दी नव्हेच. तो जंतूंचा संसर्ग असू शकतो, आणि शाळकरी वयात तो अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका असतो. आपल्याकडे हा आजार अजून संपलेला नाही. शाळेच्या कबड्डी टीममधल्या पोराचा घसा असा असेल तर मैदान राहू द्या, आधी डॉक्टर.

मग छाती. दीर्घ श्वास घ्या आणि जोरात सोडा. आत घरघर, शिट्टीसारखा आवाज, टोचणं, किंवा श्वास सोडताच खोकल्याची उबळ आली तर मानेखालचा मामला. पायऱ्या चढून बघा, नेहमीपेक्षा लवकर धाप लागली तरी तेच. शेवटी अंग: मांड्या-पाठ ठणकतायत का, थंडी वाजतेय का, जुलाब झालेत का. यातलं एकही हो असेल तर आज बंद.

ताप आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग फुटल्यासारखं झालंय, पण नाक अजिबात वाहत नाही, असं असेल तर या लेखातला कुठलाही हिशोब लावू नका. पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत आपल्या भागात डेंग्यू असतो. टाक्या, रांजण, ड्रम भरून ठेवावे लागतात आणि डास त्यातच वाढतात. डेंग्यूची खोड उलटी आहे. त्यात ताप तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि धोक्याचा काळ तिथूनच सुरू होतो. ताप उतरला म्हणून पोरगा खुशीत बूट घालतो, आणि नेमके त्याच एक-दोन दिवसांत पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं अशी लक्षणं येऊ शकतात. ती आली तर दवाखाना त्याच घडीला. एरवीही, अशा तापात रक्त तपासून डॉक्टरांनी मोकळं सोडल्याशिवाय ग्राउंड नाही.

चौथी पायरी: दहा मिनिटांची परीक्षा

तिन्ही तपासण्यांत पास झालात, त्रास फक्त मानेच्या वरचा आहे. तरी सरळ वर्कआउट सुरू करायचा नाही. पाच मिनिटं चाला, मग पाच मिनिटं इतकं हळू धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. नाक चोंदलं असेल तर तोंडाने श्वास घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

दहा मिनिटांनी थांबून स्वतःला विचारा: सुरुवातीपेक्षा बरं वाटतंय की वाईट? पुष्कळदा नाक मोकळं होतं आणि डोकं हलकं होतं. तसं झालं तर आणखी पंधरा-वीस मिनिटं त्याच बोलता येण्याच्या वेगात चालू ठेवा आणि घरी या. डोकं ठणकायला लागलं, पाय शिशाचे झाले, छातीत काही वाटलं, तर तिथूनच परत चालत या. नेहमीच्या निम्मा जोर आणि निम्मा वेळ, एवढंच सर्दीच्या दिवसांचं माप. इंटरव्हल, चढाचे स्प्रिंट, सोळाशेची ट्रायल यातलं काही नाही. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि सात ते दहा दिवसांत जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी परीक्षा पास झालेल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या पायऱ्या कराव्या लागतात.

वेळ बदलता आली तर बदला. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा दहाच्या खाली येतो, आणि तसली कोरडी गार हवा तोंडाने ओढली की सुजलेल्या श्वासनलिका आकसतात. सर्दीच्या दिवसांत पाचऐवजी आठला, ऊन अंगावर आल्यावर पळा. ते जमत नसेल तर उपरणं किंवा रुमाल नाका-तोंडावरून सैल बांधा, आतली हवा थोडी कोमट आणि ओली राहते. धुरळा उडणाऱ्या मैदानापेक्षा डांबरी रस्त्याची कड बरी.

कुस्ती आणि कबड्डीवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही स्वतः पळायला ठीक असाल, पण सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस तुम्ही ती सगळ्यात जास्त पसरवत असता. एका तालमीत, एका मॅटवर, तोंडाला तोंड लावून झोंबी घ्यायची तर सगळी टीम झोपेल. हे दिवस एकट्याने चाला, पळा. आणि ताप-घसा जाऊनही मानेच्या गाठी आणि थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल तर पोट तपासून घ्या. काही विषाणूंत प्लीहा सुजते आणि पकडीत मार बसून ती फुटू शकते.

एका पोराचा आठवडा

आता हे सगळं एकत्र कसं चालतं ते एक उदाहरण घेऊन बघू. वीस वर्षांचा पोरगा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय, नेहमीची सकाळची नाडी ५६.

रविवारी रात्री घसा खवखवला. सोमवारी पहाटे नाक वाहायला लागलं, नाडी ५८, तापमान ९७.८. त्रास सगळा वरचा. दहा मिनिटांची परीक्षा केली, बरं वाटलं, वीस मिनिटं सावकाश पळून परत आला. त्या दिवशी त्याचे चारशेचे सहा इंटरव्हल होते, ते वहीतून खोडले. मंगळवारी नाक पूर्ण चोंदलेलं, नाडी ६१. परीक्षेच्या आठव्या मिनिटाला कपाळ ठणकायला लागलं, तो चालत परत फिरला. इथवर नियम जसा सांगितला तसा चालला.

बुधवारी पहाटे नाडी ६४, म्हणजे आठने वर. तो थांबला आणि ते योग्यच झालं, कारण संध्याकाळी अंगात कणकण आली, मांड्या दुखायला लागल्या आणि काखेत १००.८ भरला. सात वाजता पॅरासिटामॉल घेतली. रात्री एकला अंगदुखीने जाग आली म्हणून आणखी एक घेतली.

गुरुवार पहाट नीट बघा, कारण चूक होते ती इथेच. पाचला थर्मामीटर ९८.२ दाखवतो. अंग हलकं वाटतं, आणि रूममधले दोघं म्हणतायत चल. पण एकच्या गोळीचा असर अजून पुरता गेलेला नाही, वर पहाटेची वेळ. नाडी मोजली तर ७०, नेहमीपेक्षा चौदाने जास्त. नाडीवर विश्वास ठेवून तो झोपला. दिवसभर गोळी घेतली नाही, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा ९९.८ आला, सोबत कफाचा खोकला.

शुक्रवारी पहाटे ९८, नाडी ६५. संध्याकाळी ९८.४. गोळी नाही. शनिवारी पहाटे नाडी ६१, खोकला कोरडा झालेला, संध्याकाळी पुन्हा ताप नाही. ताप दिसल्याला आता दोन दिवस झाले, आणि मधे एकही गोळी नाही. या तापात नाक पहिल्यापासून वाहत होतं, आणि ताप उतरल्यावर भूक परतली, पोट ठीक, कुठे रक्त नाही. तरी डेंग्यूचे दिवस होते म्हणून त्याने शुक्रवारी गावातल्या डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घेतलं, ते बरं केलं. रविवारी पहाटे नाडी ५८. आता परतायला हरकत नाही.

परत येताना

मोडलेले दिवस मोजा. मंगळवार ते शनिवार हे पाच दिवस त्याचं धड काम झालं नाही. मग निदान तेवढेच दिवस हळूहळू चढायला द्यायचे, छातीपर्यंत उतरलेल्या आजारात त्याहून थोडे जास्त.

रविवारी त्याने फक्त वीस मिनिटं झपझप चालायचं. सोमवारी दहा मिनिटं चालून दहा मिनिटं सावकाश पळायचं. मंगळवारी वीस मिनिटं, बुधवारी तीस मिनिटं, दोन्ही दिवस बोलता येईल अशा वेगात. गुरुवारी तेवढंच, पण मधे शंभर-शंभर मीटरचे चार मोकळे धावे, दर वेळी श्वास पूर्ण खाली आल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. शुक्रवारी हलकं काम. शनिवारी चारशेचे तीन, पूर्ण जोराच्या थोडे खाली. यानंतर आठवड्याने सोळाशेची ट्रायल. या काळात रोज पहाटेची नाडी मोजायची. एखाद्या सकाळी ती पुन्हा दहाने उसळली किंवा आदल्या दिवशीच्या पळण्यानंतर रात्री कणकण आली, तर एक पायरी खाली उतरून तिथेच दोन दिवस काढायचे.

टायमिंग आठ-दहा सेकंदांनी वाढलेलं दिसेल. ते फिटनेस गेल्याचं लक्षण कमी आणि रक्तातलं पाणी कमी झाल्याचं, झोप तुटल्याचं जास्त असतं. आठवड्याच्या विश्रांतीने दमसास फारसा घटत नाही. पाणी, नीट जेवण आणि झोप यांनी तो आकडा आपोआप खाली येतो. गरम हुलग्याचं माडगं घशाला बरं वाटतं आणि पोटात पातळ जातं, आजीच्या हातचं असेल तर दोन वाट्या घ्या. त्याने विषाणू मरत नाही, पण तोंडाची चव गेलेल्या पोराच्या पोटात काहीतरी जातं हा फायदा लहान नाही.

मागे राहिलेल्या खोकल्याचं काय, हे वारंवार विचारलं जातं. सर्दी गेल्यावर कोरडा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. तो पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर अर्धा हिवाळा घरात जाईल. ताप नाही, कफ नाही, नाडी जागेवर, बसल्या जागी छाती मोकळी, आणि जोराचा श्वास घेतला तरच घशात खाज सुटून खोकला येतो, एवढंच असेल तर सावकाश पळायला हरकत नाही. जोर मात्र खोकल्याने ठरवायचा: उबळ येते त्या वेगाच्या खाली राहायचं. पळून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळून शिट्टी वाजत असेल तर तो दमा असू शकतो, तो सर्दीने उघडा पडतो. इनहेलरने तो छान आटोक्यात येतो आणि त्याने सवय लागते ही निव्वळ अफवा आहे. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, थुंकीत रक्त दिसलं, वजन घटलं किंवा रात्री घाम येऊ लागला, तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. क्षयरोगासाठी ती करून घ्या.

परतीच्या दिवसांत खालील गोष्टी दिसल्या तर ग्राउंडवरूनच सरळ डॉक्टरकडे जायचं, घरी येऊन वाट बघायची नाही: छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं, विशेषतः झोपल्यावर वाढणारं, थोड्याशा कामाने न शोभणारी धाप, ठोके चुकल्यासारखे किंवा धडधडल्यासारखे वाटणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांना "गेल्या पंधरवड्यात ताप आला होता" हे स्वतःहून सांगा आणि ईसीजीबद्दल विचारा. तरुण पोरगा, छातीत दुखतंय म्हटलं की पित्ताची गोळी देऊन परत पाठवलं जाण्याची शक्यता असते, पण मधल्या तापाची माहिती दिली की डॉक्टरांचा विचार बदलतो. हृदयाला सूज असल्याचं निदान झालं तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद असतो, आणि पुन्हा तपासण्या करूनच परवानगी मिळते. भरती हुकते, हे खरं आहे. त्या काळात गुपचूप पळणाऱ्याला कोच म्हणून मी ग्राउंडवर उभा करत नाही.

चाळिशी-पन्नाशीच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हाच क्रम लागू आहे, फक्त सैल हाताने. मधुमेह असेल तर सर्दी-तापात साखर चढते, म्हणून ती तपासून मगच निघा. बीटा-ब्लॉकर गटातली बीपीची गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते, त्यामुळे नाडीच्या पायरीवर विसंबता येणार नाही, ताप आणि धाप यांवरच ठरवा. नाक चोंदलेलं असताना कपालभातीचे झटके आणि विहिरीत सूर मारणं दोन्ही टाळा, कानात दडा बसतो. आणि गरोदर बाई, हृदयाचा जुना आजार असलेला माणूस, किंवा केमो, स्टेरॉइड घेणारा माणूस यांनी मानेच्या वरच्या सर्दीतही आधी डॉक्टरांना फोन करायचा, व्यायामाचं नंतर.